ठिबकचे अनुदान कुठे अडकले? माहितीच्या अधिकारात ‘का’ विचारू नका, कागद मागा

ठिबक सिंचनाचे अनुदान रखडल्याच्या बातम्या दर वर्षी येतात. शेतकऱ्याने पूर्वसंमती घेतलेली असते, पदरचे पैसे घालून किंवा उसनवारी करून संच बसवलेला असतो, बिल महाडीबीटी या राज्य शासनाच्या पोर्टलवर चढवलेले असते, आणि मग महिनोन्‌महिने खात्यात काहीच येत नाही. कार्यालयात विचारले की ‘वरून निधी आलेला नाही’ असे सांगितले जाते. पोर्टलवर स्थिती पाहिली तर एका ओळीपलीकडे काही कळत नाही. अशा वेळी कोणीतरी माहितीच्या अधिकाराचा अर्ज टाकण्याचा सल्ला देतो. शेतकरी कोऱ्या कागदावर लिहितो, ‘माझे अनुदान आजपर्यंत का मिळाले नाही, याची माहिती मिळावी.’ महिन्याभराने उत्तर येते, ‘आपले प्रकरण प्रक्रियेत आहे.’ अर्ज वाया जातो.

हा अर्ज वाया का जातो आणि तोच अर्ज कसा लिहिला तर अडलेली नेमकी जागा कागदावर दिसते, हे या लेखात ठिबकच्या अनुदानाचे एक प्रकरण घेऊन समजावून सांगतो. शिष्यवृत्ती, घरकुलाचा हप्ता किंवा कराचा परतावा अडकला असेल तरी पद्धत हीच राहते. फक्त कार्यालय आणि कागदांची नावे बदलतात.

‘का’ या प्रश्नाला उत्तर का मिळत नाही

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नागरिकाला ‘माहिती’ मिळवण्याचा हक्क देतो आणि माहिती म्हणजे काय हे कलम २ मध्ये सांगितलेले आहे. अभिलेख, दस्तऐवज, टिप्पण्या, ई-मेल, आदेश, परिपत्रके, अहवाल, नोंदवह्या आणि संगणकात साठवलेला मजकूर, म्हणजे जे कार्यालयापाशी आधीच कोणत्या तरी स्वरूपात नोंदलेले आहे ते. अधिकाऱ्याने आपल्यासाठी नव्याने विचार करून कारणमीमांसा लिहून द्यावी, अशी सक्ती या कायद्यात नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने २००८ मध्ये गोवा राज्य माहिती आयोगाशी संबंधित एका प्रकरणात हेच स्पष्ट केले, की ‘असे का केले’ या प्रश्नाचे उत्तर किंवा समर्थन ‘माहिती’च्या व्याख्येत बसत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०११ मध्ये उत्तरपत्रिकांच्या गाजलेल्या प्रकरणात म्हटले, की कार्यालयाजवळ जे आहे ते त्याने द्यायचे, जे नाही ते तयार करून देण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

दवाखान्यातले उदाहरण घेऊ. ‘माझा रुग्ण बरा का होत नाही’ असे विचारले तर ‘उपचार चालू आहेत’ एवढेच ऐकायला मिळते. पण रुग्णाच्या खाटेला अडकवलेला तक्ता मागून घेतला, तर कोणत्या दिवशी किती ताप होता, कोणते औषध लिहिले आणि ते दिले की नाही, हे सगळे त्यातच असते. कारण शब्दांत कोणी लिहिलेले नसले तरी तारखा ते सांगतात. सरकारी प्रकरणालाही असाच तक्ता असतो आणि माहितीचा अधिकार आपल्याला तो मिळवून देतो.

इथे एक बारकावा लक्षात ठेवावा. अनुदान नाकारल्याचा निर्णय झालेला असेल, तर ज्याच्यावर त्या निर्णयाचा परिणाम होतो त्याला कारणे देण्याचे कर्तव्य याच कायद्याच्या कलम ४ (१) (घ) मध्ये आहे. म्हणजे नकाराचे कारण मागता येते. अडचण तेव्हा येते, जेव्हा निर्णयच झालेला नसतो आणि प्रकरण कुठेतरी नुसते पडून असते. अडकलेल्या अनुदानांची बहुतेक प्रकरणे याच दुसऱ्या जातीची असतात.

पैसा कोणत्या वाटेने येतो

कोणता कागद मागायचा हे कळण्यासाठी पैशाची वाट माहीत हवी. ठिबकचे अनुदान ‘प्रति थेंब अधिक पीक’ या केंद्र पुरस्कृत योजनेतून येते. तिचा भार केंद्र आणि राज्य ६०:४० या प्रमाणात उचलतात. अल्प व अत्यल्प भूधारकाला, म्हणजे २ हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला, या योजनेतून ५५ टक्के आणि इतरांना ४५ टक्के अनुदान मिळते. त्यावर महाराष्ट्र शासन मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेतून अनुक्रमे २५ आणि ३० टक्के पूरक अनुदान देते. त्यामुळे लहान शेतकऱ्याला एकूण ८० टक्के आणि इतरांना ७५ टक्के मिळतात. ही टक्केवारी दुकानदाराच्या बिलावर मोजली जात नाही. दोन नळ्यांमधील अंतर आणि क्षेत्र यांनुसार ठरवलेल्या मापदंडावर ती मोजतात, म्हणून बिल मोठे असले तरी अनुदान कमी बसू शकते.

बिल पोर्टलवर चढल्यानंतर सहायक कृषी अधिकारी, म्हणजे पूर्वीचा कृषी सहायक, शेतावर येऊन संच पाहतो आणि फोटो काढतो. याला मोका तपासणी म्हणतात. मग प्रकरण तालुका कृषी कार्यालयात छाननीला येते, तिथून वरच्या मंजुरीला जाते आणि निधी उपलब्ध असेल तर रक्कम आधारशी जोडलेल्या बँक खात्यात पाठवली जाते.

या वाटेवर अडण्याच्या जागा मुख्यतः तीन आहेत. प्रकरणात काही त्रुटी निघाली म्हणून ते कार्यालयात थांबले असेल, किंवा मंजुरी झाली पण तिजोरीत पैसा नसेल, किंवा पैसा निघाला पण बँकेच्या दारातून परत फिरला असेल. तक्रारीत तिन्ही एकसारखेच दिसतात, कारण तिन्हीत खाते रिकामेच असते. कागदावर मात्र तिन्हींच्या खुणा पूर्णपणे वेगळ्या असतात. पहिल्यात त्रुटीचा शेरा असतो, दुसऱ्यात निधी मागणीचे पत्र असते, तिसऱ्यात व्यवहार फसल्याची नोंद असते. आपला अर्ज असा हवा की या तिन्हींपैकी कोणती खूण आपल्या प्रकरणावर आहे, ते एकाच उत्तरात उघड व्हावे.

अर्ज करण्याआधी बँकेची एक फेरी

तिसऱ्या कारणाचा निकाल बहुतेक वेळा अर्जाशिवायच लागतो, म्हणून ते आधी तपासावे. आधारच्या आधारे पाठवलेली रक्कम आपण अर्जात लिहिलेल्या खात्यात जातेच असे नाही. आधार क्रमांक ज्या बँकेशी शेवटचा जोडला गेला, त्या बँकेतील खात्यात ती जाते. एखाद्याने मधल्या काळात दुसऱ्या बँकेत नवीन खाते उघडताना आधार जोडण्यास संमती दिलेली असते आणि अनुदान तिकडे जमा होऊन पडलेले असते. तो इकडे जुने पासबुक भरून आणत राहतो. कोणत्या बँकेशी आधार जोडलेले आहे, हे आधारच्या अधिकृत संकेतस्थळावर ओटीपी घेऊन पाहता येते. खाते बंद पडलेले असेल किंवा जोडणी निष्क्रिय झालेली असेल, तर रक्कम परत जाते आणि ती पुन्हा पाठवण्यासाठी कार्यालयाला वेगळी कार्यवाही करावी लागते.

या तपासणीत काही निघाले नाही, तरच अर्ज लिहायला बसावे.

एक प्रकरण उलगडून पाहू

पुढील प्रकरण समजावण्यासाठी रचलेले आहे, पण त्यातील प्रत्येक पायरी अशा प्रकरणांत नेहमी दिसणारी आहे. समजा, एका शेतकरी बाईंनी एक हेक्टर मोसंबीला ठिबक केले. मापदंडानुसार खर्च ६०,००० रुपये धरला गेला. त्या अल्पभूधारक असल्याने केंद्र पुरस्कृत योजनेचे ३३,००० आणि राज्याचे पूरक १५,००० असे ४८,००० रुपये त्यांना मिळायला हवेत. बिल २० जानेवारीला पोर्टलवर चढवले. मे संपला तरी खात्यात काही नाही, आणि शेजारच्या शेतकऱ्याला मात्र रक्कम मिळालेली आहे.

महाराष्ट्रात अर्जाचा नमुना ठरलेला आहे. त्याला ‘जोडपत्र अ’ म्हणतात. त्यात नाव, पत्ता, माहितीचा विषय, माहितीचा कालावधी, माहितीचे वर्णन आणि माहिती टपालाने हवी की समक्ष, एवढेच लिहायचे असते. माहिती कशासाठी हवी हे सांगण्याची गरज नाही. कायद्याच्या कलम ६ (२) नुसार अर्जदाराला कारण विचारता येत नाही. महाराष्ट्राच्या २०१२ च्या सुधारित नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि साधारणपणे १५० शब्दांच्या आतला हवा. हे बंधन अनेकांना जाचक वाटते, आणि काही वेळा ते आहेही. पण या कामासाठी १५० शब्द पुरतात, कारण आपल्याला गाऱ्हाणे मांडायचे नसून कागदांची यादी द्यायची आहे. बाईंनी लिहिलेला मजकूर असा होता:

विषय: सूक्ष्म सिंचन अनुदान अर्ज क्रमांक (इथे महाडीबीटीवरील क्रमांक) वरील कार्यवाही.

कालावधी: १ जानेवारीपासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत.

माहितीचे वर्णन:
(१) वरील अर्जावर झालेल्या प्रत्येक कार्यवाहीच्या नोंदींची प्रत (दिनांक, अधिकाऱ्याचे पदनाम, शेरा).
(२) मोका तपासणी अहवाल व छायाचित्रांची प्रत.
(३) या अर्जाबाबतच्या कार्यालयीन टिप्पणीची प्रत; त्रुटी कळवली असल्यास ते पत्र अथवा संदेश आणि तो पाठवल्याच्या नोंदीची प्रत.
(४) अनुदान प्रदानासाठी पाठवले असल्यास त्याचा दिनांक व रक्कम आणि ते परत आले असल्यास कारणाच्या नोंदीची प्रत.
(५) चालू व मागील आर्थिक वर्षात या योजनेसाठी तालुक्याला प्रवर्गनिहाय मिळालेल्या निधीचे वितरण आदेश आणि आपल्या कार्यालयाने पाठवलेली निधी मागणीची पत्रे.
(६) वरील अभिलेखांची प्रत्यक्ष पाहणी करू द्यावी.

या मजकुरात ‘का’ हा शब्द एकदाही आलेला नाही. पहिल्या मुद्द्यात प्रकरणाचा रोजचा तक्ता मागितला आहे, जो ऑनलाइन प्रणालीत आपोआप तयार होत असतो. तिसरा मुद्दा त्रुटीची जागा पकडतो, चौथा बँकेची आणि पाचवा निधीची. सहाव्या मुद्द्याचे महत्त्व असे, की कार्यालयाने चार कागद दिले आणि पाचवा राहिला तर तो आपल्या डोळ्यांनी फाइलीत शोधता येतो. पाहणी करणे, टिपणे घेणे आणि साक्षांकित प्रती मिळवणे हे सगळे कलम २ नुसार हक्काचेच भाग आहेत.

अर्ज कोणाच्या नावाने आणि कोणाकडे

अर्ज लाभार्थ्याच्याच नावाने आणि सहीने किंवा अंगठ्याने द्यावा. मुलगा आपल्या नावाने अर्ज देऊन आईच्या प्रकरणाची माहिती मागतो, तेव्हा ती त्रयस्थ व्यक्तीची माहिती ठरवून नाकारली जाण्याचा धोका असतो. लिहून कोणीही द्यावे, नाव मात्र तिचेच असावे.

अर्ज ज्या कार्यालयात प्रकरण शेवटचे पोहोचल्याचे पोर्टलवर दिसते, त्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला लिहावा. प्रत्येक कार्यालयाने माहिती देण्यासाठी नेमलेला अधिकारी म्हणजे जन माहिती अधिकारी. या प्रकरणात ते तालुका कृषी अधिकाऱ्याचे कार्यालय होते. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्ज ५ दिवसांत तिकडे पाठवून अर्जदाराला कळवणे, हे कलम ६ (३) नुसार त्याचे काम आहे. त्यामुळे ‘आमच्याकडे नाही, जिल्ह्याला विचारा’ असे सांगून अर्ज परत करता येत नाही.

शुल्क १० रुपये आहे आणि ते अर्जावर कोर्ट फी स्टॅम्प लावून भरता येते. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही, पण त्याने दाखल्याची प्रत जोडावी. राज्याच्या rtionline.maharashtra.gov.in या संकेतस्थळावरूनही अर्ज करता येतो. तिथल्या यादीत आपले तालुका कार्यालय सापडत नसेल, तर कागदी अर्जच बरा. कार्यालयात समक्ष दिला तर आपल्या प्रतीवर आवक शिक्का, दिनांक आणि क्रमांक घ्यावा. पोच नसलेला अर्ज पुढे अपिलात काहीच कामाचा राहत नाही, कारण मुदत त्या शिक्क्यापासूनच मोजतात.

मुदत कशी मोजायची

बाईंचा अर्ज २ जूनला आवक झाला. कलम ७ नुसार ३० दिवस, म्हणजे २ जुलैपर्यंत माहिती द्यायला हवी. १८ जूनला कार्यालयाने कळवले, की माहिती १४ पानांची आहे आणि पानाला २ रुपयांप्रमाणे २८ रुपये भरावेत. असे पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस मुदतीत धरले जात नाहीत. बाईंनी २४ जूनला पैसे भरले, म्हणून ६ दिवस वगळून मुदत ८ जुलैपर्यंत गेली. हे पत्र मुदत संपल्यानंतर आले असते, तर पैसे मागताच आले नसते, कारण मुदत चुकवलेल्या कार्यालयाने माहिती फुकट द्यायची असते.

मुदतीत काहीच उत्तर आले नाही तर कायदा त्याला नकार मानतो. त्यामुळे उत्तराची वाट पाहत बसायचे कारण उरत नाही, दुसऱ्या दिवसापासून अपील करता येते.

आलेले उत्तर कसे वाचायचे

अर्ज नीट लिहिणारे पुष्कळ आहेत, पण आलेले कागद तारखेच्या क्रमाने लावून शांतपणे वाचणारे फार थोडे आहेत, आणि सगळे उत्तर त्या क्रमातच असते.

बाईंना मिळालेल्या १४ पानांत मोका तपासणी १४ फेब्रुवारीला झाल्याचा अहवाल होता. पुढची नोंद २२ फेब्रुवारीची होती: ‘देयकावरील गट क्रमांक व सातबारावरील गट क्रमांक यांत तफावत. अर्जदाराकडे परत.’ त्यानंतर जूनपर्यंत एकही नोंद नव्हती. म्हणजे यंत्रणेच्या लेखी प्रकरण तीन महिन्यांहून जास्त काळ बाईंच्याच हातात होते आणि बाईंच्या लेखी ते कार्यालयात होते. त्रुटीचा संदेश ज्या मोबाइलवर गेला, तो क्रमांक पोर्टलवर नोंदवलेला पण आता बंद असलेला होता. ‘निधी आलेला नाही’ हे तोंडी उत्तर या प्रकरणापुरते चुकीचे होते. ते खोटेपणाने दिले होते असे मी म्हणणार नाही. टेबलावरच्या माणसाने पोर्टल न उघडता सर्वांना देतो ते उत्तर दिले, एवढेच तारखांवरून सिद्ध होते.

समजा २२ फेब्रुवारीची नोंद ‘शिफारस करून मंजुरीस सादर’ अशी असती आणि पुढे मंजुरीही झालेली दिसली असती, तर नजर पाचव्या मुद्द्याकडे वळवायला हवी होती. तिथे वितरण आदेशातली रक्कम आणि मागणी पत्रातली रक्कम शेजारी शेजारी ठेवायच्या. तालुक्याने जेवढा निधी मागितला त्यापेक्षा कमी आला असेल, तर निधीची सबब खरी आहे आणि आपला पाठपुरावा तालुक्याशी भांडून उपयोगाचा नाही, तो जिल्हा आणि कृषी आयुक्तालयाकडे न्यायला हवा. मागणी पत्राच्या रकान्यात ‘निरंक’ असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ असा की या काळात असे पत्रच या कार्यालयातून गेलेले नाही. ‘निरंक’ वाचून अनेकांना वाटते की आपल्याला काहीच मिळाले नाही. वस्तुतः निधी मागितलाच गेला नसल्याचा सहीशिक्क्यानिशी पुरावा आपल्या हाती आलेला असतो.

शेजाऱ्याला आधी मिळाले, याचा खुलासाही याच आदेशांत सापडतो. निधी सर्वसाधारण, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती अशा प्रवर्गांसाठी वेगवेगळ्या लेखाशीर्षांखाली, म्हणजे सरकारी हिशेबाच्या वेगळ्या खात्यांखाली, येतो. एका शीर्षात पैसा आहे आणि दुसऱ्यात नाही, असे घडू शकते, आणि एका शीर्षाचा पैसा दुसऱ्यावर खर्च करता येत नाही. तसेच पूरक अनुदान वेगळ्या योजनेतून येत असल्याने ३३,००० जमा होऊन १५,००० मागे राहणे शक्य असते. दोन्ही प्रसंगांत गैरव्यवहाराचा संशय घेण्याआधी आदेशावरचे लेखाशीर्ष पाहावे. प्रवर्ग एकच असेल, मंजुरीची तारीख आपली आधीची असेल आणि तरीही मागून मंजूर झालेल्याला आधी पैसे गेले असतील, तर मात्र प्रश्न विचारायला पक्की जागा आहे.

नेहमीचे आक्षेप आणि त्यांची उत्तरे

‘प्रकरण प्रक्रियेत असल्याने माहिती देता येत नाही.’ माहिती नाकारण्याची कारणे कलम ८ आणि ९ मध्ये मोजून दिलेली आहेत आणि प्रकरण प्रलंबित असणे हे त्यात नाही. तपासात अडथळा येईल अशी माहिती रोखता येते, पण ठिबकच्या फाइलीचा त्याच्याशी संबंध नाही. नाकारायचे असेल तर कारण, अपिलाची मुदत आणि अपिलीय अधिकाऱ्याचा तपशील लेखी द्यावा लागतो.

‘ही वैयक्तिक माहिती आहे.’ स्वतःच्या प्रकरणाची माहिती मागणाऱ्याला हा अपवाद लावता येत नाही, कारण ज्याची गोपनीयता जपायची तोच माहिती मागतो आहे. इतरांबाबत मात्र सांभाळून मागावे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने हा अपवाद पूर्वीपेक्षा रुंद केलेला आहे. म्हणून शेजाऱ्याचे नाव घेऊन त्याची फाइल मागण्याऐवजी, ‘या प्रवर्गात प्रदान झालेल्या प्रकरणांचे अर्ज क्रमांक, मंजुरी दिनांक आणि प्रदान दिनांक’ एवढेच मागावे. क्रम तपासायला तेवढे पुरते. शिवाय अनुदान कार्यक्रमांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील स्वतःहून प्रसिद्ध करणे कलम ४ नुसार कार्यालयाचे कर्तव्य आहे, हे अर्जात एका ओळीत नमूद करता येते.

‘माहिती पोर्टलवर आहे, तिथे पाहा.’ अर्जदाराच्या खात्यात दिसते ती स्थिती एका ओळीची असते. अधिकाऱ्याच्या लॉगिनमध्ये दिसणारे शेरे आणि तारखा तिथे नसतात. आपण मागितलेली नोंद पोर्टलवर खरोखर दिसत असेल तर पाहावी, नसेल तर अपिलात तेवढेच लिहावे.

‘अर्ज केला तर साहेब राग धरतील.’ ही भीती मी हलकी मानत नाही, कारण पुढच्या योजनेला त्याच टेबलावर जायचे असते. यावर एक उपाय आहे. राज्य शासनाच्या २०१८ च्या परिपत्रकानुसार जिल्हास्तरीय आणि त्याखालील कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेखांची पाहणी करता येते. आधी त्या वेळेत जाऊन आपले प्रकरण दाखवण्याची विनंती करावी. तिथे काम झाले तर अर्जाची वेळ येत नाही, आणि नाही झाले तर अर्ज करण्याला सबळ कारण मिळते. अर्जाची भाषाही आरोपाची नसावी. वरच्या नमुन्यात कोणावर ठपका ठेवणारा एकही शब्द नाही.

उत्तर अपुरे आले तर

पहिले अपील त्याच यंत्रणेतील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे असते. त्याला प्रथम अपिलीय अधिकारी म्हणतात. उत्तर मिळाल्यापासून किंवा मुदत संपल्यापासून ३० दिवसांत ‘जोडपत्र ब’ भरून आणि महाराष्ट्रात २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून ते करावे. निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत द्यायचा असतो. अपिलात नवे मुद्दे काढू नयेत. ‘मुद्दा ३ मधील संदेश पाठवल्याची नोंद दिलेली नाही’ असे मुद्द्यावर बोट ठेवून लिहावे.

त्यानंतरचे दुसरे अपील ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे करता येते. आयोग कसूर करणाऱ्या जन माहिती अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपयांप्रमाणे २५,००० रुपयांपर्यंत दंड करू शकतो. पण महाराष्ट्राच्या आयोगाकडे प्रलंबित प्रकरणांचा डोंगर आहे आणि सुनावणीला फार काळ लागतो. म्हणून अनुदानासाठी आयोगावर विसंबून राहू नये. पहिला अर्ज नेमका लिहिण्यावर आणि पहिल्या अपिलाला समक्ष हजर राहण्यावर भर द्यावा. कार्यालये बहुतेक माहिती या दोन टप्प्यांतच देतात.

योजना केंद्राच्या कार्यालयाकडून थेट चालत असेल, उदाहरणार्थ आयकराचा परतावा, तर rtionline.gov.in या संकेतस्थळावर अर्ज करावा. तिथे शुल्क १० रुपयेच आहे, मर्यादा ५०० शब्दांची आहे आणि पहिल्या अपिलाला शुल्क नाही. केंद्राची योजना राज्याचे कार्यालय राबवत असेल तर मात्र फाइल जिथे आहे तिथेच, म्हणजे राज्याच्या कार्यालयाकडे अर्ज जातो. ठिबकचे तसेच आहे.

कागद मिळाल्यावर पुढे काय

माहितीच्या अर्जाने अनुदान मंजूर होत नाही. जन माहिती अधिकारी कागद देऊ शकतो, पैसे देण्याचा आदेश देऊ शकत नाही आणि आयोगही साधारणपणे देत नाही. पैसे मिळवण्यासाठी वेगळे साधे पत्र लागते आणि माहितीत मिळालेला कागद त्या पत्राला जोडायचा असतो. ही दोन कामे एकाच अर्जात मिसळली की दोन्ही बिघडतात. ‘माहिती द्यावी व अनुदान त्वरित जमा करावे’ असे लिहिलेला अर्ज मी अनेकदा पाहिला आहे, आणि त्यावर बहुधा दोन्हीबाबत गुळमुळीत उत्तर येते.

बाईंनी आधी पोर्टलवरचा मोबाइल क्रमांक बदलून घेतला. विक्रेत्याकडून गट क्रमांक दुरुस्त केलेले बिल आणले आणि ते पुन्हा चढवले. मग तालुका कृषी अधिकाऱ्याला अर्ध्या पानाचे पत्र दिले, ज्यात २२ फेब्रुवारीच्या शेऱ्याची प्रत जोडून लिहिले होते, की त्रुटीची पूर्तता अमुक तारखेला केली आहे, मोका तपासणी १४ फेब्रुवारीलाच झालेली आहे, तरी नव्याने तपासणी न करता प्रकरण मंजुरीस सादर करावे. या पत्रावरही त्यांनी आवक शिक्का घेतला. महिन्याभरात हालचाल दिसली नाही, तर मागायचा पुढचा कागद ठरलेला होता: याच पत्रावर, त्या तारखेपासून, झालेल्या कार्यवाहीच्या नोंदींची प्रत.